फुल चार्ज केलेला माऊस दुसऱ्या संध्याकाळी बंद: बॅटरी बदलायच्या आधी दोन मोजमापं

प्रश्न: माझा वायरलेस गेमिंग माऊस दोन वर्षं जुना आहे. बॅटरी आतच बसवलेली, ५०० एमएएचची. घेतला तेव्हा रोज सहा तास वापरून पाच दिवस आरामात चालायचा. आता रात्री अकराला फुल चार्ज करून केबल काढतो, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या आसपास मरतो. लहान भावाच्या कंट्रोलरचंही तेच, एक दिवस टिकत नाही. नागपुरात बर्डीवर दाखवला तर दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली, नवीन टाका. खरंच बॅटरीच गेली असेल का? आधी घरी काय तपासू?

उत्तर:

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं निघण्याची शक्यता जास्त. दोन वर्षं नागपूरचे उन्हाळे काढलेली बॅटरी नव्यासारखी नसणारच. पण "दिवसभरात संपते" याची कारणं दोन असतात. एकतर बॅटरीत आता कमी मावतं, नाहीतर माऊस जास्त खातो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नुसती बॅटरी बदलली आणि खरा दोष खाण्यात असला, तर नवी बॅटरीही दीड दिवसात मान टाकेल आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल.

तुमच्या प्रश्नातच हिशेबाला पुरेल इतका मजकूर आहे. नवा असताना पाच दिवस, रोज सहा तास, म्हणजे तीस तास प्रत्यक्ष वापर. ५०० भागिले ३०, म्हणजे वापरात असताना तुमचा माऊस सरासरी १६ ते १७ मिलिअँपिअर खात होता. लाइट चालू असलेल्या गेमिंग माऊसला हा आकडा शोभतो. उरलेले अठरा तास तो झोपायचा. नीट झोपलेला माऊस इतकं कमी खातो की या हिशेबात ते धरलं नाही तरी चालतं. आता हा १६-१७ चा आकडा बाजूला लिहून ठेवा. आणखी एक आकडा लागेल, तो म्हणजे आज बॅटरीत खरोखर किती मावतं.

त्यासाठी यूएसबी मीटर घ्या. अंगठ्याएवढा असतो, एका बाजूने अ‍ॅडॉप्टरमध्ये बसतो आणि दुसऱ्या बाजूने केबल लागते. पडद्यावर व्होल्ट, अँपिअर आणि एमएएच दिसतात. तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि नंतर घरातल्या प्रत्येक मोबाइलच्या केबलचा न्याय करायला उपयोगी पडतो. माऊस आपोआप बंद पडेपर्यंत वापरा. मग मीटरवरचं बटण दाबून धरून जुना आकडा शून्य करा, कारण बरेच मीटर मागची बेरीज लक्षात ठेवतात. माऊसचा खालचा स्विच ऑफ करा आणि चार्जिंगला लावा. स्विच ऑफ करणं महत्त्वाचं आहे. चालू माऊस चार्ज होताना लाइट लावून बसतो आणि लाइटने खाल्लेला करंटही मीटर बॅटरीच्या नावावर लिहितो. स्विच ऑफ असताना चार्जच घेत नाहीत असे मॉडेल थोडे असतात. तुमचा त्यातला निघाला तर निदान सॉफ्टवेअरमधून लाइट बंद करून मग लावा.

अ‍ॅडॉप्टर भिंतीतलाच घ्या, कॉम्प्युटरचं पोर्ट नको आणि पॉवर बँकही नको. रात्री कॉम्प्युटर बंद केला की पुष्कळ मशीनवर यूएसबीचा पुरवठाही बंद होतो, आणि माणूस समजतो की माऊस रात्रभर चार्ज झाला. पॉवर बँकेची खोड वेगळी. चार्जिंगच्या शेवटी करंट कमी कमी होत जातो. तो फारच उतरला की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढून घेतला, आणि ती स्वतःच बंद होते. शेवटचा हिस्सा भरायचाच राहतो. तुम्ही यांपैकी काही रोज करत असाल तर अर्धा दोष इथेच सापडला समजा. टाइप सी पोर्टवाल्या काही स्वस्त माऊसना दोन्हीकडे टाइप सी असलेल्या केबलने चार्जिंग होतच नाही. त्यांना एका बाजूला जुनं चौकोनी टोक असलेली साधी केबलच लागते. मीटरवर ०.०० अँपिअर दिसलं तर बॅटरीला दोष देण्याआधी केबल बदलून पाहा.

आता मीटरकडे थोडं थांबून बघा. पाचशेच्या धडधाकट बॅटरीला चार्जर साधारण ०.२० ते ०.२५ अँपिअर देतो आणि हा आकडा तास-दीड तास जवळजवळ हलत नाही. त्यानंतर तो ०.१८, ०.१२, ०.०७ असा घसरत ०.०२ च्या आसपास येतो आणि चार्जर तोंड फिरवतो. एकूण दोन ते तीन तास. थकलेल्या बॅटरीत सुरुवातीचा पूर्ण करंट पंधरा-वीस मिनिटांतच घसरायला लागतो. तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. त्यामुळे चार्जरला बॅटरी भरल्याचे ४.२ व्होल्ट लवकर दिसतात आणि तो हात आखडता घेतो. एमएएचचा शेवटचा आकडा यायच्या आधीच या घसरणीवरून बॅटरीची तब्येत कळते.

शेवटी जो एमएएच आकडा येईल तो थेट बॅटरीचाच समजा. लहान माऊसमध्ये बहुतेक साधी लिनिअर चार्जिंग चिप असते. तिच्यात जितका करंट केबलमधून येतो तितकाच बॅटरीत जातो, वरचे व्होल्ट गरम होऊन वाया जातात. स्वस्त मीटर लहान करंट थोडा चुकीचा मोजतात, तेव्हा दहा टक्के इकडेतिकडे सोडून द्या.

तुमच्या बाबतीत तीन उत्तरं येऊ शकतात.

समजा मीटरने १०० दाखवले. १०० भागिले सहा तास वापर, म्हणजे १७ मिलिअँपिअर. माऊस पूर्वीइतकंच खातो आहे, झोपतोही नीट, बॅटरीत मात्र पाचवा हिस्सा उरला. दुकानदार पूर्ण बरोबर, बॅटरी बदला.

समजा ४८० आले. रात्री अकरा ते संध्याकाळी सात म्हणजे वीस तास. ४८० भागिले २० म्हणजे २४ मिलिअँपिअर. बॅटरी ठणठणीत आहे, पण माऊस चोवीस तास जागा आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त खातो आहे. सेटिंगमध्ये काहीतरी बदललं आहे किंवा बोर्डवर गळती आहे. नवी बॅटरी टाकून रुपयाचाही फायदा होणार नाही.

आणि समजा ३२० आले. मला याच आसपासच्या आकड्याची शंका आहे. ३२० भागिले पूर्वीचेच १६ मिलिअँपिअर, बरोबर २० तास, म्हणजे तुमचे अकरा ते सात हे तास अगदी जुळतात. अर्थ असा की बॅटरी थकून दोन-तृतीयांशावर आली आहे, आणि वर माऊस झोपत नाही. दोन वर्षांत इतकी थकणं काही विशेष नाही. पण झोप परत आणली तर याच जुन्या बॅटरीवर ३२० भागिले १६, म्हणजे वीस तासांचा प्रत्यक्ष वापर निघतो. रोजच्या सहा तासांच्या हिशेबाने तीन दिवसांपेक्षा जास्त, तेही माऊस न उघडता.

म्हणून आधी झोपेचा तपास करा.

सोपी कसोटी अशी. माऊस फुल चार्ज करा, खालचा स्विच ऑफ करा, पूर्ण एक दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा मीटर लावून भरा. दहा-पंधरा एमएएचच्या आत भरला तर बंद अवस्थेत गळती नाही. पन्नासच्या पुढे गेला तर बॅटरी स्वतःच आतून झिरपते आहे, किंवा बोर्डवर चहा-पाणी सांडलेलं वाळून मीठ धरलं आहे. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा, फक्त स्विच ऑन ठेवून आणि माऊसला हात न लावता. कॉम्प्युटर चालू असू द्या. आता एका दिवसात तीनशे गेले तर तो झोपत नाही हे सिद्ध झालं.

झोपतो की नाही हे डोळ्यांनीही बघता येतं. बऱ्याच गेमिंग माऊसचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, तो आपल्याला दिसत नाही. पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. माऊस न हलवता ठेवा, टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर काढून खालून कॅमेरा धरा. फिकट जांभळा-पांढरा ठिपका दिसेल. काही मिनिटांत तो मंद झाला, थांबून थांबून चमकू लागला किंवा विझला, तर माऊस झोपला. पंधरा मिनिटांनंतरही तो पहिल्यासारखाच जळत असेल तर जागा आहे. आतलं सेटिंग अर्ध्या तासाचं नाही ना, एवढं मात्र आधी सॉफ्टवेअरमध्ये पाहून घ्या.

झोप न येण्याचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे माऊस ज्यावर ठेवला आहे तो पृष्ठभाग. चकचकीत सनमायका, काच किंवा झिजून चमकू लागलेलं पॅड असेल तर सेन्सरला चित्र स्थिर मिळत नाही. माऊस जागचा हलत नाही, पण सेन्सरला एक-दोन ठिपक्यांची थरथर दिसत राहते. त्याच्या मते तुम्ही काम करताय. पडद्यावरचा बाण कधी कधी इतका बारीक हलतो की लक्षातच येत नाही. माऊस उलटा करून ठेवा. उलटा ठेवल्यावर झोपतो आणि सुलटा ठेवल्यावर नाही, तर दोष पृष्ठभागाचा. मॅट कापडी पॅड घ्या, मिटलं.

आपल्याकडे याची एक खास आवृत्ती आहे. मार्च ते जूनमध्ये डेझर्ट कूलर खिडकीत किंवा स्टँडवर येतो, आणि कॉम्प्युटरचं टेबल त्याला टेकलेलं असतं. पंपाची आणि पंख्याची कंपनं टेबलातून माऊसपर्यंत पोचतात. हातावर जाणवत नाहीत, सेन्सरला जाणवतात. पाण्याचा पेला टेबलावर ठेवा. पाण्यावर बारीक वलयं दिसली तर टेबल चार बोटं सरकवा. उन्हाळ्यातच बॅटरी लवकर संपते आणि दिवाळीत ठीक चालते अशी तक्रार असेल तर मी आधी हेच विचारेन, उष्णतेचं नंतर.

त्यानंतर चाक आणि बटणं. चाक दोन खाचांच्या मध्ये अडकून राहिलं तर आतला एन्कोडर वर-खाली असे सूक्ष्म संदेश देत बसतो. एखादं बाजूचं बटण बॅगेत दाबलेलं राहिलं तरी माऊस जागाच राहतो. म्हणून बॅगेत टाकताना स्विच ऑफ करायची सवय लावा.

सेटिंगमध्ये तीनच गोष्टी पाहा. झोपेचा अवधी पाच मिनिटांवर आणा. लाइट बंद करा, किंवा बॅटरीवर असताना बंद राहील असं ठरवा. तुमच्या सतरामधले निम्मे-अधिक मिलिअँपिअर नुसत्या रंगीत दिव्यांचे असू शकतात. आणि पोलिंग रेट तपासा. १००० हर्ट्झ म्हणजे माऊस सेकंदाला हजार वेळा रेडिओवरून आपली जागा सांगतो, १२५ वर सव्वाशे वेळाच. गेम खेळताना १००० ठेवा, ऑफिसच्या कामाला १२५ किंवा २५० पुरतं. नव्या माऊसमध्ये ४००० आणि ८००० असतात. ते चुकून लागले असतील तर चार्ज निम्म्याहूनही कमी टिकतो, आणि वर सांगितलेल्या ४८० च्या कोड्याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर या सेटिंग कधी कधी मूळपदावर जातात, तेव्हा "मी तर बदललंच नाही" यावर फार विसंबू नका.

डोंगल कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टात, बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारी खोचला असेल तर तिथून काढा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि याच पट्ट्यात माऊस बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे. संदेश हरवले की माऊस तेच पुन्हा पाठवतो आणि जास्त खातो. एक मीटरची एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर, माऊसपासून हातभर अंतरावर आणा. याने दिवसाचे पाच दिवस होणार नाहीत, पण बाण अडखळणं मात्र बहुतेक थांबतं.

आता उष्णतेचं. लिथियम बॅटरीला वापरताना थोडी गर्मी चालते, चार्ज होताना नाही. बॅटरीचं स्वतःचं तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करू नये, हा नेहमीचा नियम. नवतप्यात वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली दुपारी चाळिशी सहज गाठते. त्यात चार्जिंग चिपची स्वतःची उष्णता, बंद प्लास्टिकच्या डबीत. बॅटरीजवळ तापमान मोजणारा थर्मिस्टर असेल तर चार्जर मध्येच थांबतो, लाइट विचित्र लुकलुकतो आणि सकाळी कळतं की अर्धाच भरला. थर्मिस्टर नसेल तर तो मुकाट्याने भरत राहतो आणि बॅटरी दर उन्हाळ्यात थोडी थोडी मरते. मे महिन्यात चार्जिंग पहाटे पाच ते आठमध्ये करा. दुपारी लावायचाच असेल तर कूलरच्या झोतात ठेवा, पण कूलरच्या डोक्यावर नको, तिथे शिंतोडे येतात. फुल झाल्यावर दिवसभर केबलला लटकवून ठेवू नका. वरच्या व्होल्टला आणि उष्णतेला एकत्र बसणं हे बॅटरीला सगळ्यात महाग पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत माऊस ठेवण्याबद्दल वेगळं सांगायला नको.

भावाच्या कंट्रोलरकडे येऊ. इथे आधी "एक दिवस" म्हणजे काय ते ठरवावं लागतं, कारण कंट्रोलरचा खाण्याचा अंदाजच वेगळा. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ मध्ये १००० एमएएचची बॅटरी असते आणि नवा असतानाही तो चार ते आठ तासच चालतो. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्समध्ये १५६० एमएएच, पण कंपनाच्या मोटरी आणि ताठरणारे ट्रिगर ते पटकन संपवतात. दोन संध्याकाळी मन लावून खेळलं की चार्जिंगला लावावा लागणं हे त्याच्या बाबतीत दुखणं नव्हे. उलट निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर १३०० एमएएचवर सुमारे चाळीस तास चालतो असं कंपनीच सांगते. तो एका दिवसात संपला तर नक्की काहीतरी बिघडलं आहे. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल असतात, तो विषयच वेगळा.

खेळताना नाही, तर नुसता पडून राहून संपत असेल तर दोन ठिकाणी पाहा. कन्सोलवर कंट्रोलर किती वेळाने बंद व्हावा याचं सेटिंग असतं. प्लेस्टेशन ५ वर ते System मध्ये Power Saving खाली Set Time Until Controllers Turn Off या नावाने सापडेल. ते Don't Turn Off वर असेल तर १० मिनिटांवर आणा. विंडोज कॉम्प्युटरला ब्लूटूथने जोडलेला ड्युअलशॉक मात्र स्वतःहून बंद होत नाही. गेम संपल्यावर पीएस बटण दहा सेकंद दाबून धरायचं, समोरची दिव्याची पट्टी विझली की झालं. स्टीमवर खेळत असाल तर त्याच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निष्क्रिय झाल्यावर बंद करायचा अवधी देता येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे स्टिकचं सरकणं. हात न लावता स्टिक एका बाजूला ओढ घेत असेल तर यंत्राच्या दृष्टीने कोणीतरी खेळतंच आहे, आणि बंद व्हायचं घड्याळ सुरूच होत नाही. कॉम्प्युटरला जोडा, विंडोज आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत हे टाइप करा:

```
joy.cpl
```

कंट्रोलर निवडून Properties उघडा. कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घ्या. चौकोनातलं अधिकचं चिन्ह मध्यावर स्थिर न राहता थरथरत असेल किंवा कोपऱ्याकडे सरकत असेल, तर बॅटरीआधी स्टिक दुरुस्त करावी लागेल.

कंट्रोलरवर थकलेल्या बॅटरीचं एक लक्षण माऊसपेक्षा स्पष्ट दिसतं. जोराचं कंपन सुरू झालं की निर्देशक साठ टक्क्यांवरून एकदम दहावर येतो किंवा कंट्रोलर बंद पडतो, आणि दहा मिनिटं बाजूला ठेवला की पुन्हा तीस दाखवतो. मोटर करंट मागते तेव्हा अंतर्गत रोधामुळे व्होल्ट कोसळतात, टक्के सहसा व्होल्टवरूनच काढलेले असतात. अशा वेळी कंपन बंद करून दोन दिवस खेळा. वेळ बराच वाढला तर बॅटरीच बदलायची आहे. मीटरची कसोटी इथेही चालते, फक्त मोठ्या बॅटरीच्या काही कंट्रोलरमध्ये वेगळ्या पद्धतीचा चार्जर असतो. त्यामुळे मीटरचा आकडा बॅटरीवरच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत आला तरी ती चांगली समजा.

बॅटरी बदलायची ठरलीच तर आधी माऊसचं पोट पाहा. वरचं कवच एका बाजूने उचललं गेलं आहे, डाव्या क्लिकचा आवाज बदलला आहे, सपाट टेबलावर माऊस डुगडुगतो, असं काही असेल तर बॅटरी फुगली आहे. तसा माऊस पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून कवच बसवायचा प्रयत्न करू नका, आणि उघडायचं काम सवय असलेल्याकडेच द्या.

फुगलेली नसेल तर काम अवघड नाही. स्क्रू बहुतेक खालच्या पांढऱ्या-काळ्या पायांखाली लपलेले असतात. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट कोमट करून पाय सोलून काढा. ते पुन्हा सपाट चिकटतीलच असं नाही, म्हणून त्या मॉडेलचा नवा जोड आधीच घेऊन ठेवा. कवच झटक्याने उघडू नका, वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी चपटी रिबन केबल पहिल्याच ओढीत फाटते. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची. बॅटरी चिकटवलेली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा, स्क्रू ड्रायव्हर खाली घालू नका.

बॅटरीवर सहा आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५०३०३५. म्हणजे जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ३५. दुकानात एमएएचआधी हे आकडे सांगा. या मापात साधारण पाचशे एमएएचच बसतात. त्याच मापाच्या पाकिटावर हजार छापलेले असतील तर ते छपाईचं कौशल्य समजा. किंचित लहान बॅटरी चालते. जाड बॅटरी मात्र घेऊ नका, कवचाखाली दबून राहते आणि तिला फुगायलाही जागा उरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. बॅटरीच्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये लाल तार कोणत्या बाजूला असावी याचा सर्वमान्य नियम नाही. कनेक्टर हुबेहूब बसतो आणि धन-ऋण उलटं असतं. लावताक्षणी चार्जिंग चिप जळते, मग बॅटरी नवी आणि माऊस मेलेला. जुनी आणि नवी बॅटरी शेजारी ठेवा, कनेक्टरची खाच दोन्हींवर एकाच दिशेला करा, तारांचे रंग जुळवा आणि वर मल्टिमीटरनेही खात्री करा. उलट निघालं तर सुईने कनेक्टरमधली बारीक पट्टी दाबून तारा एक एक करून काढा आणि बदलून बसवा. दोन्ही तारा एकदम कात्रीने कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते.

तीन तारांची बॅटरी असेल तर तिसरी तार थर्मिस्टरची, साधारण १० किलोओहमची. नवी बॅटरी दोन तारांची मिळाली तर जुन्यावरचा थर्मिस्टर सांभाळून काढून नव्याच्या अंगाला चिकटवा. त्याच्या जागी साधा रेझिस्टर लावून चार्जरला फसवणारे भेटतात. चार्ज होतं, पण मे महिन्यात चार्जरला थांबवणारं कोणी उरत नाही. नव्या बॅटरीच्या तोंडाशी पिवळ्या टेपखाली हिरवी संरक्षक पट्टी आहे ना, तेही बघून घ्या. ती नसलेली नुसती पाऊच स्वस्त मिळते, ती माऊसमध्ये घालू नका.

नवी बसवल्यावर कवच पूर्ण बंद करायच्या आधी एकदा मीटरवर भरा आणि मघाच्याच पद्धतीने आकडा लिहून ठेवा. ४५० ते ५०० आले तर स्क्रू कसा. ३०० आले तर ती बॅटरी दुकानातच वर्ष-दोन वर्षं पडून म्हातारी झालेली आहे, पाकीट आणि मीटरचा फोटो घेऊन त्याच दिवशी परत करा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना ती पेट घेते. दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी टेपने बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा जिथून नवी घेतली त्या दुकानात द्या.